कुत्र्याला झटका आला, तर मोबाइलमध्ये काय टिपायचं आणि डॉक्टरांना काय सांगायचं

मैंदर्गीत पहाटे घरच्या कुत्र्याला झटका आला, तर गाडी काढून अक्कलकोट गाठेपर्यंत तो ओसरलेला असतो. सोलापूर तर आणखी लांब. तपासणीच्या टेबलावर कुत्रा शेपूट हलवत उभा असतो आणि मालक काकुळतीनं सांगत असतो, "साहेब, सकाळी हा हातचा गेलाच होता." डॉक्टरांसमोर असतो तो धडधाकट कुत्रा आणि घाबरलेल्या माणसाची आठवण. म्हणून डॉक्टर विचारतात, "व्हिडिओ काढलाय का?" मालक मोबाइल पुढे करतात. त्यात अंधार, आरडाओरडा, पंधरा सेकंदांचं हलतं चित्र आणि कुत्र्याची फक्त पाठ. "व्हिडिओ दाखवला, पण त्यातून काही कळत नाही म्हणाले. मग काढायचा तरी कसा?" हा प्रश्न अनेक वाचक पुन्हा पुन्हा विचारतात.

या लेखात मुख्यतः एकाच प्रसंगाविषयी बोलू या: कुत्रा अचानक पडतो, ताठरतो, थरथरतो किंवा भलतंच वागू लागतो. घरच्या व्हिडिओचा सर्वांत जास्त उपयोग याच प्रसंगी होतो आणि घोटाळेही याच प्रसंगी सर्वांत जास्त होतात.

डॉक्टर त्या व्हिडिओत काय शोधतात

आपण सगळ्याला "फिट आली", "फेफरं आलं" किंवा "आकडी आली" म्हणतो. पण बाहेरून सारखं दिसणारं हे पडणं चार अगदी वेगळ्या कारणांनी होऊ शकतं आणि चारही प्रकारांचे उपचार वेगळे आहेत.

मेंदूतून येणारा झटका बहुधा विश्रांतीत किंवा झोपेत असताना येतो. कुत्रा आडवा पडतो, आधी ताठ होतो, मग पाय लयीत मारू लागतो. जबडा चावल्यासारखा हलतो, लाळ गळते, बरेचदा लघवी होते. झटका थांबल्यावर कुत्रा लगेच भानावर येत नाही. तो भिंतीला धडकतो, घरच्यांना ओळखत नाही, नुसता फेऱ्या मारत राहतो.

हृदयाच्या त्रासानं येणारी भोवळ वेगळी. ती धावताना, उत्साहात उड्या मारताना किंवा जोरात खोकताना येते. कुत्रा बहुधा ढिला पडतो, हिरड्या पांढुरक्या दिसतात आणि मिनिटभराच्या आत तो उठून जणू काही झालंच नाही असा चालू लागतो. मात्र भोवळीतही थोडा ताठरपणा येऊ शकतो आणि लघवीही होऊ शकते. त्यामुळे नुसत्या लघवीवरून निकाल लागत नाही.

कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात बिघाड झाला, तर कुत्रा शुद्धीवर असतो, पण मान एका बाजूला कलते, तो त्याच बाजूला पडत राहतो आणि डोळ्यांची बुबुळं एका दिशेला झटकत राहतात. हे तासन् तास, कधी दिवसेंदिवस चालतं.

चौथा प्रकार सगळ्या अंगाच्या कंपाचा. कुत्र्याला कळत असतं, हाक मारली की तो बघतो, पण थरथर थांबत नाही. विषबाधेत किंवा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीचं कॅल्शियम उतरल्यावर हे दिसतं. उपचार लांबले, तर यातूनही पुढे झटके येतात.

म्हणजे डॉक्टरांना चार गोष्टी हव्या असतात: कुत्रा शुद्धीत होता का, अंग ताठ होतं की ढिलं, सुरुवात कशी झाली आणि थांबल्यावर काय झालं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी व्हिडिओत अर्ध्यामुर्ध्याच दिसतात आणि सुरुवात तर जवळजवळ कधीच सापडत नाही. कुत्र्यामांजरांच्या अशा प्रसंगांचे तेच ते व्हिडिओ अनेक पशुवैद्यांना दाखवून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हा झटकाच आहे की नाही, यावर त्यातल्या मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांचंही पूर्ण एकमत झालं नव्हतं. म्हणून व्हिडिओबरोबर तुमची चिठ्ठी लागतेच. ती कशी लिहायची, ते पुढे येईल.

मोबाइल खाली ठेवायची वेळ

पुढीलपैकी काहीही असेल, तर चित्रीकरणात वेळ घालवू नका. डॉक्टरांना फोन लावा आणि निघा.

- झटका पाच मिनिटांनंतरही थांबलेला नाही, किंवा एक संपून कुत्रा भानावर येण्याआधीच दुसरा सुरू झाला आहे.
- चोवीस तासांत दुसरा झटका आला आहे.
- उंदराचं औषध किंवा फवारणीचं कीटकनाशक पोटात गेल्याचा संशय आहे. त्या औषधाची बाटली किंवा पुडी सोबत घ्या. नाव वाचून डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.
- भर उन्हात बांधलेला किंवा पळालेला कुत्रा धापा टाकत कोसळला आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सहज घडतं. अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि निघा.
- पिल्लांना पाजणारी कुत्री ताठरून थरथरते आहे. पिल्लं लगेच वेगळी करा.

आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी पाहायची, ती म्हणजे रेबीज. कुत्रा एकाएकी उगाच चावू लागला, किंवा उलट कोपऱ्यात लपू लागला, आवाज बदलला, खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे पण पाणी गिळता येत नाही, मागचे पाय लुळे पडत आहेत, अशी लक्षणं असतील तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. त्याला कोंडा, मुलांना लांब ठेवा आणि शक्य असेल तरच खिडकीतून किंवा बंद दाराच्या फटीतून चित्रीकरण करा. लस झालेली असली, तरी हे नियम पाळा. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागली असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. कुत्र्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

झटका चालू असताना

घरात दोघं असाल तर कामं वाटून घ्या. एकानं कुत्र्याकडे पाहायचं, दुसऱ्यानं मोबाइल धरायचा. एकटेच असाल तर आधी कुत्र्याला जपा. जिना, पायरी, हौद, चूल, लोखंडी खाट जवळ असेल, तर त्याला पाठीकडून धरून किंवा चादरीवर घेऊन बाजूला ओढा आणि मग मोबाइल हातात घ्या. जीभ गिळेल या भीतीनं तोंडात चमचा, काठी किंवा बोट घालू नका. कुत्रा जीभ गिळत नाही, पण त्या अवस्थेत बोट मात्र तोडू शकतो. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं यानं झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला जातं.

आता चित्रीकरण असं करा:

१. मोबाइल आडवा धरा आणि कुत्र्याचं नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग चौकटीत घ्या. दीड-दोन मीटर अंतर पुरतं. झूम करू नका.

२. दिवा लावा. वीज नसेल तर दुसऱ्या मोबाइलची बॅटरी बाजूनं धरा, थेट डोळ्यांत नको.

३. टीव्ही, पंप बंद करा, पण व्हिडिओचा आवाज चालू राहू द्या. जबड्याचा आवाज, श्वासाची घरघर यांतूनही कळतं. घड्याळातली वेळ आणि "पडून साधारण अर्धं मिनिट झालं" असं मोठ्यानं बोला.

४. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर, सुरक्षित अंतरावरून, पाच-दहा सेकंद तोंड आणि डोळे जवळून घ्या. बुबुळं हलतात का, डोळे उघडे आहेत की मिटलेले, चेहऱ्याची एकच बाजू थरथरते का, हे त्यात दिसायला हवं. मग पुन्हा सगळं अंग.

५. एकदाच नेहमीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारा. कान हलला का, डोळे वळले का, हे व्हिडिओत येतं आणि शुद्धीबद्दल त्याहून चांगला पुरावा घरी मिळत नाही. सारखं हाका मारत, हलवत राहिलात तर कुत्र्याची हालचाल आपोआप होते आहे की तुमच्या हलवण्यानं, हे ओळखता येत नाही.

झोपेत पाय हलवणारा, बारीक भुंकणारा कुत्रा बहुधा स्वप्नात असतो. लांबून हाक मारली की तो उठतो आणि उठताच आपल्याला ओळखतो. हाकेचा उपयोग इथेही होतो.

थांबल्यावर मोबाइल बंद करू नका

बहुतेक व्हिडिओ नेमके इथेच संपतात. पाय थांबले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मोबाइल खिशात जातो. पण झटका की भोवळ हे ठरवायला पुढची पाच-दहा मिनिटं फार उपयोगाची असतात. कुत्रा कधी उठतो, चालताना झोकांड्या जातात का, वस्तूंना धडकतो का, पाणी पितो का, तुम्हाला ओळखतो का, हे येऊ द्या. सलग नको असेल, तर दर पाच मिनिटांनी अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. या काळात नेहमीचा गरीब कुत्राही घाबरून चावू शकतो. त्यामुळे कवटाळायला जाऊ नका. तो तुम्हाला ओळखू लागला आणि रेबीजचा संशय नसेल, तर वरचा ओठ अलगद उचलून हिरड्यांचा रंग दिवसाच्या उजेडात टिपा.

चिठ्ठी: जे दिसलं तेच लिहा

एक उदाहरण घेऊ. समजा, मैंदर्गीतल्या एका घरी चार वर्षांचा कारवानी नर आहे. मुलगा अक्कलकोटला जाऊन डॉक्टरांना सांगतो: "पहाटे फिट आली, पाच-दहा मिनिटं तडफडत होता, फेस आला, आता बरा आहे. औषध द्या." यात "फिट" हा निष्कर्ष आहे, वेळ अंदाजाची आहे आणि आधीचं-नंतरचं काहीच नाही.

आता त्याच प्रसंगाची ही चिठ्ठी वाचा:

"नर, चार वर्षं, अंदाजे वीस किलो. लसीचं कार्ड सोबत. पहाटे ५.१० ला झोपेतून उठून आईजवळ येऊन बसला, अस्वस्थ होता. ५.१५ ला डाव्या कुशीवर पडला. आधी चारी पाय ताठ, मान मागे. मग पाय पोहल्यासारखे मारू लागला. जबडा कडकड वाजत होता, लाळ, लघवी. हाकेला प्रतिसाद नाही. पडल्यावर साधारण वीस सेकंदांनी व्हिडिओ सुरू केला. व्हिडिओत पाय मारणं १ मिनिट ५ सेकंदांवर थांबतं. नंतर वीस मिनिटं भिंतीला धडकत फिरला, ओळखत नव्हता. मग खूप पाणी प्यायला, भाकरी खाल्ली. सहा वाजता नेहमीसारखा. अंगावर गोचीड आहेत. दोन दिवसांपूर्वी शेजारच्या तुरीवर फवारणी झाली. कुत्रा तिकडे गेला होता का, कोणी पाहिलं नाही. दिवाळीआधी असंच एकदा झालं होतं, तेव्हा व्हिडिओ काढला नाही."

"पाच-दहा मिनिटं" प्रत्यक्षात साधारण दीड मिनिट निघाली. घाबरलेल्या माणसाला वेळ नेहमी लांब वाटतो. म्हणूनच व्हिडिओची लांबी आणि तो पडल्यानंतर किती वेळानं सुरू झाला, हे दोन्ही हवं. चिठ्ठीतलं झोपेतून उठणं, आधी ताठ मग लयीत पाय मारणं, जबडा, हाकेला प्रतिसाद नसणं आणि नंतरची वीस मिनिटं हे सगळं मेंदूच्या झटक्याकडे बोट दाखवतं. ज्याला ठोस कारण सापडत नाही असं फेफरं कुत्र्यात बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिल्यांदा दिसतं आणि हा कुत्रा त्याच वयाचा आहे. तरी डॉक्टर इथेच थांबणार नाहीत. गोचिडांमुळे होणारे आजार आणि फवारणीचं विष यांचा विचार करावा लागेल. रक्तातली साखर, कॅल्शियम, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या कराव्या लागतील. फवारणीचं एक वाक्य चिठ्ठीत नसतं, तर ती शंका कदाचित कोणाला आलीच नसती.

आणखी एक. आपल्याकडे प्रसंग पाहणारी बहुतेक वेळा घरातली आई किंवा आजी असते आणि दवाखान्यात जातो तो तेव्हा घरी नसलेला मुलगा. मैंदर्गीत तर अनेक आज्या कन्नडच बोलतात, म्हणून त्यांना मागे ठेवलं जातं. असं करू नका. ज्यानं पाहिलं त्याला सोबत न्या, नाहीतर फोन लावून द्या. आजीनं कन्नडमध्ये सांगितलेलं तुम्ही शब्दाला शब्द सांगा, त्यात स्वतःचा अर्थ घालू नका.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि डोळ्यांची बारीक हालचाल पुसली जाते. जोडणीच्या चिन्हावरून `Document` निवडून तीच फाइल पाठवा. वेग कमी-जास्त करू नका, गाणं घालू नका, कापाकापी करू नका. तुकडे अनेक असतील तर "१, २, ३" असा क्रम आणि प्रत्येकाची वेळ लिहा. पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारा. चालू ओपीडीत दहा व्हिडिओ कोणी पाहत नाही. प्रत्यक्ष जाणार असाल तर मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्या.

इतर तक्रारींसाठी थोडक्यात

- लंगडणं: पट्टा सैल धरून कडक जमिनीवर चालवा. समोरून येताना, पाठीमागून जाताना आणि बाजूनं, असे तीन तुकडे घ्या. आधी सावकाश, मग दुडकी चाल. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणं लपवतो.
- खोकल्यासारखा आवाज: शेवटपर्यंत चित्रीकरण करा. शेवटी काही बाहेर पडतं का, यावरून खोकला की ओकारी हे कळतं. मान ताणून नाकानं जोरजोरात आत श्वास ओढणं ही "उलटी शिंक" असू शकते. ती बहुधा आपोआप थांबते.
- श्वास: कुत्रा किंवा मांजर गाढ झोपेत असताना छातीचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि छाती वर-खाली झाली की एक, असं मोजा. निवांत झोपेत आकडा सतत तीसच्या वर राहत असेल, तर डॉक्टरांना कळवा.
- बोका लघवीसाठी वारंवार बसतो आणि काही होत नाही: इथे व्हिडिओची वाट पाहू नका. मूत्रमार्ग बंद झाला असेल, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

तुम्ही काय मागू शकता आणि काय मागू नये

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणी असलेल्या पशुवैद्यांनीच उपचार करायचे असतात. नोंदणीबद्दल विचारण्यात संकोच नको. औषधाचं नाव, मात्रा आणि किती दिवस हे कागदावर लिहून मागा. दुसरं मत घ्यायचं असेल, तर तो कागद, तपासण्यांचे अहवाल आणि तुमचे व्हिडिओ घेऊन जा. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुरुवात करता येते, पुढे सोलापूर. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो प्रामुख्यानं गाई-म्हशी-शेळ्यांसाठी वापरला जातो, पण जवळ कोण मिळेल हे तिथे विचारायला हरकत नाही.

मात्र नुसता व्हिडिओ पाहून गोळी सांगा, असा आग्रह धरू नका. हृदयाचे ठोके, ताप, रक्त हे व्हिडिओत नसतं. घरातली माणसांची गोळी तर मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. झटका चालू असताना तोंडानं पाणी, दूध, औषध काहीच घालू नका. ते श्वासनलिकेत जातं.

कॅलेंडरवर नोंद

पहिल्या प्रसंगानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तारखेपुढे वेळ, किती सेकंद आणि भानावर यायला किती मिनिटं एवढं लिहीत जा. व्हिडिओच्या फाइलला तीच तारीख द्या. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त झटके आले, एकाच दिवशी अनेक आले, किंवा एखादा पाच मिनिटांहून लांबला, तर डॉक्टर सहसा रोजचं औषध सुरू करण्याचा विचार करतात. वरच्या उदाहरणात दिवाळीआधीचा प्रसंग म्हणूनच महत्त्वाचा होता. औषध सुरू झाल्यावर मात्रा पुरेशी आहे का, हे याच नोंदीवरून आणि रक्ततपासणीवरून ठरतं. झटके थांबले म्हणून स्वतःहून गोळी बंद केली, तर ते आधीपेक्षा जोरानं परत येऊ शकतात. गोळी कमी करायची असेल, तर डॉक्टरांना विचारूनच, टप्प्याटप्प्यानं.